जुन्या संचाला नवी चित्रफीत का उमगत नाही?

घरातल्या लग्नाची चित्रफीत मुलाने आपल्या नव्या फोनवर घेतली, पेनड्राइव्हवर उतरवून ती दिवाणखान्यातल्या टीव्हीला लावली आणि सारी मंडळी समोर येऊन बसली. पडद्यावर मिट्ट काळोख; मंगलाष्टके मात्र खणखणीत ऐकू येत आहेत. तीच चित्रफीत पुढे यूट्यूबवर चढवली, तर त्याच टीव्हीवर ती अक्षता पडेपर्यंत बिनतक्रार दिसते. हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे, आणि त्यावर लोक दोन निदाने करतात. एक, टीव्ही बिघडला. दुसरे, नवा टीव्ही खपावा म्हणून कंपन्यांनी मुद्दाम केलेली ही लबाडी. पहिले निदान साफ चुकीचे आहे. दुसऱ्यात व्यापारी वृत्तीपुरते तथ्य कोणास वाटल्यास वाटो, पण खरे कारण त्याहून निराळे आहे, आणि ते समजून घेतल्यास चांगल्या चालत्या संचाला घराबाहेर काढण्याची घाई बहुधा टळते.

आरंभ थोड्या अंकगणितापासून करू. आज ज्याला आपण साधारण उत्तम चित्र म्हणतो, त्यात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला अशी २५ चित्रे सरकली की हालचालीचा भास होतो. प्रत्येक ठिपक्याचा उजेड व रंग लिहून ठेवण्यास सरासरी १२ बिट लागतात असे धरले, तर एका सेकंदाच्या चित्राला सुमारे ६२ कोटी बिट होतात. घरात येणाऱ्या तारेतून किंवा मोबाइलच्या जाळ्यातून एवढा माल सेकंदासेकंदाला येणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. प्रत्यक्षात ५० लाख बिटांत काम भागते. म्हणजे मूळ मालाचा सव्वाशेवा हिस्सा पाठवायचा आणि उरलेला संचाने स्वतः उभा करायचा.

हा चमत्कार होतो अंदाजाच्या जोरावर. कीर्तनकाराच्या मागची भिंत क्षणाक्षणाला बदलत नाही. तेव्हा ‘भिंत मागच्या चित्रातलीच घे’ एवढेच लिहून पाठवायचे. कीर्तनकाराचा हात थोडा उजवीकडे गेला असेल, तर ‘हा तुकडा मागच्या चित्रातून उचल आणि इतके ठिपके उजवीकडे सरकव’ असे लिहायचे. अंदाज आणि वास्तव यांत जो किरकोळ फरक उरेल तेवढाच वेगळा कळवायचा. चित्र पाठवण्याऐवजी चित्र उभे करण्याची आज्ञापत्रिका पाठवायची, असा हा व्यवहार आहे. ही आज्ञापत्रिका कोणत्या पद्धतीने लिहायची आणि कशी वाचायची याच्या नियमांना कोडेक म्हणतात. आम्ही त्यास संकेतपद्धती म्हणू.

आता असे कोणी म्हणेल, की मराठी जाणणाऱ्यास थोडीफार गुजराती समजते, चार शब्द अडले तरी मतितार्थ लागतो. मग जुन्या संचाला नवी संकेतपद्धती निदान अर्धीमुर्धी का कळू नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि साऱ्या विषयाची किल्ली त्याच्या उत्तरात आहे. भाषेत एक शब्द अडला तर पुढचा शब्द कोठे सुरू होतो हे तरी आपणांस दिसते. येथे तेही दिसत नाही. जागा वाचवण्यासाठी बिट इतके घट्ट विणलेले असतात की आधीच्या आज्ञेचा अर्थ बिनचूक लागला तरच पुढची आज्ञा कोठून वाचायची ते ठरते. शिवाय प्रत्येक चित्र मागच्या चित्रावर उभे असल्यामुळे एका ठिकाणची चूक पुढे सरकत आणि वाढत जाते. म्हणून या पद्धतींचे प्रमाण ठरवणारे लोक पाठवणाऱ्याला पुष्कळ मोकळीक देतात, वाचणाऱ्याला मात्र काडीचीही नाही. आज्ञापत्रिका कोणी चतुराईने लिहावी, कोणी ढिसाळपणे लिहावी; परंतु ती उलगडून निघणारे चित्र प्रत्येक संचावर ठिपक्यागणिक तेच निघाले पाहिजे. अर्धे कळणे हा प्रकारच येथे संभवत नाही.

नव्या पद्धती काय वेगळे करतात? बहुधा त्या जास्त बारकाईने अंदाज बांधतात. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धती चित्राचे १६ ठिपके रुंद व १६ ठिपके उंच असे चौकोनी ठोकळे पाडते आणि त्यांत गरजेप्रमाणे लहान तुकडे करते. २०१३ साली आलेल्या एचईव्हीसी आणि व्हीपी-९ या पद्धतींत ठोकळा ६४ ठिपक्यांपर्यंत मोठा झाला, आणि २०१८ साली आलेल्या एव्ही-१ मध्ये तो १२८ पर्यंत गेला. निरभ्र आकाशाचा मोठा पट्टा एका आज्ञेत उरकता यावा, हा त्यातला हेतू. शेजारच्या ठिपक्यांवरून तुकडा कोणत्या तिरक्या रेषेने भरायचा याच्या दिशा एच.२६४ मध्ये आठ होत्या, एचईव्हीसीमध्ये ३३ झाल्या, एव्ही-१ मध्ये ५६. अशा अनेक सुधारणांची बेरीज होऊन तेच चित्र जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ कमी बिटांत, कधी कधी निम्म्यात बसते. पण ५६ दिशांपैकी ४१वी दिशा घे, अशी आज्ञा आठच दिशा ठाऊक असलेल्या संचास दिली, तर त्याने करावे काय?

तो शिकत का नाही, हा पुढचा प्रश्न. फोनला रोज नवी ‘अपडेट’ येते, टीव्हीलाही येते. मग हेही त्यातून का येऊ नये? याचे कारण असे, की टीव्हीतले चित्र उलगडण्याचे काम सामान्य हिशेब करणाऱ्या भागाकडे नसतेच. त्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र मंडले कोरलेली असतात. ती एकच काम जाणतात. पण ते अतिशय चपळाईने आणि फारच थोड्या विजेत करतात. छापखान्यात खिळे जुळवून पान बसवले की त्या पानाच्या हजार प्रती भराभर निघतात, परंतु दुसरा मजकूर छापायचा तर खिळेच पुन्हा जुळवावे लागतात, तसे हे आहे. फरक एवढाच की चिपमधले खिळे कायमचे ओतलेले असतात. एव्ही-१ ची मंडले टीव्हींत दिसू लागली ती २०२० च्या सुमारास. ॲपलच्या फोनमध्ये ती प्रथम २०२३ च्या ‘आयफोन १५ प्रो’त आली. तेव्हा २०१६ सालचा टीव्ही २०१८ सालची पद्धती जाणत नाही, यात दोष कोणाचाच नाही.

सामान्य हिशेब करणाऱ्या भागाकडून, म्हणजे निव्वळ आज्ञावलीच्या बळावर, हे काम करून घेता येत नाही असे मात्र नव्हे. फोनमध्ये हा भाग बराच सशक्त असतो. २०२० साली नेटफ्लिक्सने अँड्रॉइड फोनांवर एव्ही-१ पाठवण्यास आरंभ केला तो ‘डेव्हिड’ नावाच्या अशाच एका मुक्त आज्ञावलीच्या आधारावर (नाव लिहितात मात्र `dav1d` असे). किंमत मोजावी लागते ती बॅटरीत आणि उष्णतेत. टीव्हीत हा भाग बेताचाच असतो, कारण त्याच्याकडून यादी दाखवणे आणि बटणे ऐकणे यापलीकडे फारशी अपेक्षा नव्हती. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे एका चित्रास एक सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही तर ते गळते, आणि माणसे चालण्याऐवजी उड्या मारताना दिसतात.

येथवर पद्धती अजिबात ठाऊक नसण्याविषयी बोललो. पण पद्धती ठाऊक असूनही संच अडतो, असा दुसरा प्रकार आहे, आणि तो अधिक चकवणारा आहे. प्रत्येक पद्धतीत संचाच्या ताकदीच्या पायऱ्या ठरवलेल्या असतात. जुन्या टीव्हींत पुष्कळदा आढळणारी एच.२६४ ची पायरी ४.१ ही आहे. या पायरीचा संच एका सेकंदात जास्तीत जास्त २ लाख ४५ हजार ७६० ठोकळे उलगडण्यास बांधलेला असतो. त्यापुढे तो करील तर त्याची मेहेरबानी. आता आपली चित्रफीत घ्या. १९२० ठिपक्यांच्या रुंदीत १६ चे १२० ठोकळे बसतात. १०८० च्या उंचीत साडेसदुसष्ट, म्हणजे व्यवहारात ६८. एका चित्रात ८,१६० ठोकळे झाले. सेकंदाला ३० चित्रे असली तर २ लाख ४४ हजार ८००. मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत. हालचाल मुलायम दिसावी म्हणून मुलाने फोनवर सेकंदाला ६० चित्रांची निवड केली असेल, तर ४ लाख ८९ हजार ६००. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. पद्धती तीच, चित्राचा आकार तोच, फाइलीच्या नावाची शेपटीही तीच, आणि तरी संच ती नाकारतो किंवा ठेचकाळत दाखवतो. दुकानदार म्हणतो ‘याला एच.२६४ चालते’, आणि तो खोटे बोलत नसतो.

लग्नाच्या चित्रफितीतील काळोखाचा आणि मंगलाष्टकांचा उलगडा आता सहज होईल. फाइल ही एक पेटी आहे. तीत चित्राची आज्ञापत्रिका वेगळी आणि ध्वनीची वेगळी ठेवलेली असते. २०१७ पासून आयफोन, मालकाने निराळे सांगितले नाही तर, चित्र एचईव्हीसीने लिहितो. इतर अनेक फोनांतही ती निवड असते. ध्वनी मात्र ‘एएसी’ या पद्धतीने लिहिलेला असतो, जी १९९७ सालची आहे आणि कोणत्याही टीव्हीला ठाऊक असते. संचाने पेटी उघडली, ओळखीचे ते वाजवले, अनोळखी ते बाजूस ठेवले. याच न्यायाने ओळख पटवता येते: आवाज येऊन चित्र मुळीच नसेल तर बहुधा पद्धती अनोळखी आहे, चित्र येऊन अडखळत असेल तर ताकदीची पायरी ओलांडली गेली आहे.

मग यूट्यूबवर तेच कसे दिसते? कारण यूट्यूब आपली फाइल आपल्याला परत दाखवतच नाही. चढवलेली फाइल तेथे पूर्ण उलगडली जाते आणि तिच्या नव्या प्रती लिहिल्या जातात. १४४ ओळींच्या चिमुकल्या चित्रापासून मूळ आकारापर्यंत निरनिराळ्या मापांच्या, आणि त्याही एकाहून अधिक संकेतपद्धतींत. एच.२६४ ची प्रत ही त्यांत सर्वांसाठीची. व्हीपी-९ ची त्याहून नव्या संचांसाठी. एव्ही-१ ची असेल तर सर्वांत नव्यांसाठी. हे लेखन फार खर्चाचे असते, कारण उत्तम अंदाज कोणता हे शोधण्यासाठी असंख्य अंदाज करून पाहावे लागतात. केवळ या कामासाठी गूगलने स्वतःच्या वेगळ्या चिपा घडवल्या, हे त्या कंपनीने २०२१ साली जाहीर केले. म्हणूनच नुकती चढवलेली चित्रफीत काही काळ फक्त हलक्या मापात दिसते. थोरल्या प्रती मागाहून तयार होतात.

आता पाहणाऱ्याच्या बाजूस काय घडते? चित्र सुरू होण्यापूर्वी खेळवणारी आज्ञावली संचाला विचारते: ही पद्धती तुला येते का? ब्राउझरमध्ये हा प्रश्न असा दिसतो:

```
MediaSource.isTypeSupported('video/mp4; codecs="avc1.640028"')
```

उत्तर फक्त होय किंवा नाही, `true` किंवा `false`. अवतरणातले ते विचित्र नाव वाचण्यासारखे आहे. `avc1` म्हणजे एच.२६४. शेवटचे `28` सोळाच्या पायावर लिहिले आहे: दोन सोळा आणि वर आठ, एकूण चाळीस, म्हणजे पायरी ४.०. पद्धती आणि ताकद, दोन्ही प्रश्न एकाच नावात आले. परंतु संच ‘होय’ म्हणतो आणि मग धापा टाकतो, असेही घडू लागले. कारण आज्ञावलीच्या बळावर कसेबसे उलगडता येणे हेही ‘होय’च. म्हणून पुढे प्रश्नाचे नवे रूप आले, ज्याला तीन उत्तरे द्यावी लागतात: येते का, सुरळीत चालेल का, आणि वीज बेताने खाईल का. परीक्षकाने प्रश्न नीट विचारला की विद्यार्थ्याची पंचाईत कमी होते, त्यातलाच हा प्रकार. उत्तरे हाती आली की संचाला झेपेल अशी पद्धती निवडली जाते. नव्यास नकार आला तर त्याच्या आधीची, तिलाही नकार आला तर एच.२६४. जाळे मंदावले की चित्र मध्येच धूसर होते, ती गोष्ट वेगळी. तेथे पद्धती तीच राहून माप तेवढे बदलते, आणि चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असल्यामुळे तो बदल मधूनच करता येतो.

ज्यास हे प्रत्यक्ष पाहावेसे वाटेल त्याने संगणकावर यूट्यूबच्या चित्रावर उजवे बटण दाबून `Stats for nerds` निवडावे. `Codecs` या ओळीत `av01` ने सुरू होणारे नाव दिसले तर एव्ही-१, `vp9` किंवा `vp09` दिसले तर व्हीपी-९, आणि `avc1` दिसले तर एच.२६४ ची प्रत आपल्यापर्यंत आली आहे. तेच चित्र दोन संगणकांवर उघडून ही ओळ ताडून पाहण्यात मोठी मौज आहे.

अशी माघार घेण्याची सोय असली तरी ती फुकट नाही. जुनी पद्धती तेच चित्र जास्त बिटांत लिहिते, म्हणून जुन्या संचाचा मालक त्याच दर्जासाठी जास्त डेटा खर्च करतो. आणि माघारीला तळ आहे तसे छतही आहे. यूट्यूब एच.२६४ च्या प्रती १०८० ओळींपर्यंतच देते. त्यावरची मापे फक्त व्हीपी-९ वा एव्ही-१ मध्ये मिळतात. ॲपलने २०१७ साली ‘ॲपल टीव्ही फोर-के’ नावाची पेटी विकायला काढली. फोर-के म्हणजे उभ्या २१६० ओळींचे चित्र, आणि ते नाव पेटीवरच होते. नेटफ्लिक्सचे फोर-के चित्र तिच्यावर दिसे. यूट्यूबचे मात्र १०८० ओळींवर अडे. लोक जाळ्याला दोष देत, तारांना देत, टीव्हीलाही देत. खरी गोष्ट अशी, की नेटफ्लिक्स आपले फोर-के एचईव्हीसीत देत होते आणि पेटीला ती पद्धती येत होती. यूट्यूबचे फोर-के व्हीपी-९ मध्ये होते आणि पेटीला ती उमगत नव्हती. एचईव्हीसीच्या हक्कांचे पैसे मागणारे अनेक गट होते. गूगलने स्वतःची विनामूल्य पद्धती पुढे केली होती, आणि ॲपल एचईव्हीसीच्या बाजूने उभी होती. दोन धनाढ्यांच्या या भांडणात ग्राहकाने फोर-केचे पैसे मोजून यूट्यूबवर तीन वर्षे निम्म्या ओळी पाहिल्या. २०२० साली त्या पेटीची चौदावी प्रणाली आली तेव्हा ही अडचण दूर झाली. आमच्या मते खरेदीच्या वेळी ‘फोर-के आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या पद्धतीतले फोर-के’ हा प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे.

आकाशातून येणाऱ्या प्रसारणास ही माघारीची सोय नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. उपग्रह प्रत्येक छपराला वेगळे विचारू शकत नाही. जे पाठवायचे ते सर्वांना एकच. म्हणूनच डीडी फ्री डिशवर काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ पद्धतीत आणि काही एमपेग-४ मध्ये येतात, आणि जुनी एमपेग-२ पेटी असलेल्या घरास दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या मिळतच नाहीत. तेथे पेटी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

घरच्या पेनड्राइव्हचे तसे नाही. यूट्यूब जे आपल्यासाठी करते ते आपणही करू शकतो. हँडब्रेक नावाची मोफत आज्ञावली संगणकावर घ्यावी, चित्रफीत तीत उघडावी आणि तयार यादीतले `Fast 1080p30` निवडावे. त्यातून एच.२६४ ची, १०८० ओळींपर्यंतची, सेकंदाला जास्तीत जास्त ३० चित्रांची प्रत निघते. म्हणजे आपण वर मांडलेल्या हिशेबात नेमकी बसणारी. मूळ फाइल मात्र टाकून देऊ नये. प्रत करताना थोडा तपशील कायमचा गळतो, आणि पुढे टीव्ही बदलला की उत्तम चित्र मूळ फाइलीतूनच मिळणार आहे. आयफोन असणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये `Formats` खाली `Most Compatible` निवडले तर नेहमीच्या मापाचे चित्रण एच.२६४ मध्येच होते; जागा मात्र अधिक लागते.

टीव्हीवरचे यूट्यूब किंवा तत्सम काही चित्राऐवजी उघडतच नसेल, तर ही सारी चर्चा तेथे लागू नाही. एप्रिल २०१५ मध्ये २०१२ सालच्या व त्यापूर्वीच्या अनेक टीव्हींवरील यूट्यूब एकाएकी बंद पडले. त्या संचांना एच.२६४ तेव्हाही येत होते आणि यूट्यूबकडे त्या प्रतीही होत्या. बंद पडली होती ती चित्रफितींची यादी मागण्याची जुनी रीत, जी गूगलने मोडीत काढली. अशा संचाच्या मागे एचडीएमआयचे भोक असेल तर त्यात बसणारी छोटी काठी किंवा पेटी पुरते. उलगडण्याचे काम मग ती करते, आणि टीव्हीकडे तयार चित्र दाखवणे एवढेच काम उरते, जे तो विकत घेतल्या दिवशी करीत होता तितकेच चांगले आजही करतो.